पडदे तयार घ्यावेत की कापड आणून शिवावेत?

आज पडद्यांचा हिशेब मांडायचा आहे. हा विषय आमच्या गटाच्या बैठकीत निघाला तो कर्जाच्या अर्जावरून. नवीन घर बांधलेल्या एका वहिनींनी पडद्यांसाठी पाच हजार रुपये मागितले होते. बैठकीत लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, बाजारात तयार पडदे साडेचारशेला जोडी मिळतात, पाच हजार कशाला? दुसरा म्हणाला, आपल्याच गटात शिवणाऱ्या काकू आहेत, तर पैसा बाहेर का जाऊ द्यायचा? दोन्ही बोलणी रास्त होती, पण आकडा कुणाकडेच नव्हता. म्हणून आम्ही टेप घेऊन वहिनींच्या घरी गेलो, मग तालुक्याच्या बाजारात गेलो आणि खिडकीगणिक हिशेब केला. तोच आज सांगते. भाव आमच्या बाजारातले आहेत. तुमच्याकडे थोडे कमी-जास्त असतील, तेव्हा तुमचे भाव घालून बघा. रीत तीच राहील. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, नसेल तरी चालेल, मी सावकाश सांगते.

आधी मापाचं बोलू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. आपण काय करतो, खिडकी मोजतो आणि दुकानात जाऊन सांगतो, चार बाय चारची खिडकी आहे. दुकानदार चार फूट रुंदीचा एक पडदा काढून देतो. घरी आणून लावला की तो चादरीसारखा ताणून बसतो, एकही चुणी पडत नाही, आणि कडेने ऊन, डास आणि रस्त्यावरच्यांच्या नजरा आत येतात. पडदा खिडकीला बसवायचा नसतो, दांडीला बसवायचा असतो. म्हणून मोजायची ती दांडी.

वहिनींच्या पुढच्या खोलीची खिडकी चार फूट रुंद आणि चार फूट उंच, म्हणजे ४८ इंच बाय ४८ इंच. दांडी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे न्यायची, म्हणजे पडदा बाजूला सारला की तो भिंतीवर राहतो आणि खिडकी पूर्ण उघडी मिळते. अशी दांडी ६० इंचांची झाली. आता पडद्याची वरची कड खिडकीच्या सहा इंच वर धरायची आणि खालची कड सहा इंच खाली. मधले ४८ धरून लांबीही ६० इंच, म्हणजे पाच फूट.

त्यानंतर येतो घेर. चुण्या पडायच्या तर पडद्यांची सगळी मिळून रुंदी दांडीच्या निदान दीडपट हवी. दुप्पट असेल तर छान भरलेला दिसतो, पण दीडपटीच्या खाली जाऊ नये. ६० इंचांच्या दांडीला दीडपट म्हणजे ९० इंच. तयार पडद्यावर चार फूट लिहिलेलं असतं, पण टेप लावला तर तो बहुतेक वेळा ४६ इंचच भरतो, कारण कडा दुमडलेल्या असतात. असे दोन पडदे मिळून ९२ इंच. बसलं! म्हणून चार फुटी खिडकीला एक जोडी लागते, एक पडदा नव्हे. दुकानात भाव विचारताना हेही विचारा की सांगितलेला भाव एका पडद्याचा की जोडीचा. काही दुकानांत फलकावर एकाचा लिहितात आणि आपण जोडीचा समजून खूश होतो.

आता याच खिडकीचे दोन हिशेब करू.

तयार पडद्यांची पाच फुटी जोडी बाजारात ४५० रुपयांना होती. पॉलिस्टरचा, रिंगा बसवलेला, लगेच लावता येणारा पडदा. एवढंच.

कापड आणून शिवायचं तर काय काय लागतं ते बघा. पडदा ६० इंचांचा हवा, पण कापड ६० इंच घेऊन भागत नाही. वरची दुमड आणि खालची मुडप यांना मिळून बारा इंच धरायचे. म्हणजे एका पडद्याला ७२ इंच आणि दोन पडद्यांना १४४ इंच. आता इथे एक गंमत आहे. १४४ इंच म्हणजे बरोबर चार वार. आपल्याकडच्या जुन्या बायका अजून वारातच बोलतात आणि दुकानदार मीटरने कापतो. वार ३६ इंचांचा, मीटर सव्वाएकोणचाळीस इंचांहून किंचित जास्त. तुम्ही चार वारांचा हिशेब करून चार मीटर मागितलं तर एक फुटाहून जास्त कापड फुकट जातं. आणि उलट चार मीटर लागत असताना चार वार आणलं तर पडदा आखूड होतो. तेव्हा घरी हिशेब इंचात करा आणि दुकानात मीटर सांगा. आपले १४४ इंच म्हणजे तीन मीटर ६६ सेंटिमीटर. आम्ही पावणेचार मीटर धरलं.

कापडाचा पन्हा मात्र आधी विचारा. पडद्याचं कापड ४८ इंची किंवा ५४ इंची पन्ह्याचं येतं. ड्रेसचं सुती कापड ३६ किंवा ४४ इंचीही असतं, आणि ते स्वस्त वाटलं तरी रुंदी भरून काढायला जास्त तुकडे जोडावे लागतात. आम्हाला ४८ इंची पन्ह्याचं बरं जाड कापड १६० रुपये मीटरने मिळालं. पावणेचार मीटरचे ६०० रुपये. सोळा रिंगा आठ रुपयांप्रमाणे १२८ रुपये. वरच्या दुमडीत घालायची बक्रमची पट्टी ४० रुपये. काकूंची शिलाई एका पडद्याला ९० रुपये, दोघांची १८०. बेरीज केली तर ९४८ रुपये.

एकीकडे ४५०, दुसरीकडे ९४८. बैठकीत हा आकडा वाचला तेव्हा काकूंचा चेहरा उतरला. पण नीट बघा, काकूंनी शिलाई फुकट दिली असती तरी ७६८ रुपये झाले असते. म्हणजे शिलाई महाग नाही. महाग आहे ते किरकोळ भावानं घेतलेलं कापड. तयार पडदे करणारा कारखानदार तागेच्या तागे घाऊक भावाने उचलतो आणि एकाच मापाचे हजारो पडदे कापतो, त्यात त्याची चिंधीसुद्धा कमी निघते. त्याच मापात आपण त्याच्याशी स्पर्धा करायला गेलो तर आपणच हरणार. हे मी काकूंसमोर बोलले, आणि त्यांनीही मान्य केलं.

तरीही ४५० विरुद्ध ९४८ ही तुलना पूर्ण बरोबर नाही, कारण दोन्हीकडचं कापड सारखं नव्हतं. तयार पडदा वेष्टनात घडी घालून ठेवलेला असतो, त्यामुळे जाड भासतो. एक घडी उलगडायला सांगा आणि कापडामागे हात धरून उजेडाकडे बघा. बोटं स्पष्ट मोजता आली तर रात्री दिवा लावल्यावर बाहेरच्याला घरातलंही तसंच दिसणार. साडेचारशेच्या जोडीत आमची बोटं दिसत होती. काकूंच्या कापडाच्या तोडीची तयार जोडी शोधली तेव्हा ती ८०० रुपयांना निघाली. मग फरक उरला दीडशेच्या आसपास.

आणखी दोन गोष्टी तयार पडद्यात बघून घ्याव्यात. एक म्हणजे खालची मुडप. स्वस्त पडद्याला ती जेमतेम एक इंचाची असते. धुतल्यावर पडदा आटला तर सोडायला काहीच नसतं, आणि खाली वजन नसल्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने तो उडत राहतो. घरी शिवलेल्या पडद्याला चार इंचांची दुहेरी मुडप ठेवतात, ती वजनही देते आणि वेळ पडली तर उसवून लांबी वाढवताही येते. दुसरी गोष्ट म्हणजे रिंगा मोजा. एका पडद्यावर त्या सम संख्येत हव्यात, आठ किंवा दहा. विषम असल्या तर पडद्याची एक कड भिंतीकडे वळते आणि दुसरी खोलीकडे बाहेर येते, कितीही सारखं केलं तरी. शिवणाऱ्या मैत्रिणींनीही हे ध्यानात ठेवावं.

वहिनींनी पुढच्या खोलीसाठी साडेचारशेचीच जोडी घेतली. त्या खिडकीपुढे ओसरी आहे, ऊन येत नाही, आणि रात्री तिथे कुणी झोपत नाही. मला त्यांचा निर्णय पटला. प्रत्येक खिडकीला भारी कापड हवंच असं नाही.

आता मागची खोली. तिथे वहिनींची मुलगी अभ्यास करते, ती यंदा दहावीला आहे. खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी तीन वाजल्यापासून ऊन थेट टेबलावर येतं, वहीच्या पानावर डोळे दिपतात आणि पोर खुर्ची उचलून स्वयंपाकघरात जाऊन बसते. खरं म्हणजे पाच हजारांच्या अर्जामागचं कारण हीच खिडकी होती, पण वहिनी बैठकीत ते बोलल्या नव्हत्या. घरी गेल्यावर आम्हाला दिसलं.

ही खिडकी सहा फूट रुंद आणि साडेचार फूट उंच. बाजूंना सहा-सहा इंच धरून दांडी सात फुटांची, म्हणजे ८४ इंच. वर-खाली सहा-सहा इंच धरून पडद्याची लांबी ६६ इंच. इथे तयार पडद्यांचं गणित अडतं. ते बहुतेक तीनच लांब्यांत मिळतात: खिडकीला पाच फूट, दाराला सात फूट आणि मोठ्या दाराला नऊ फूट. आपल्याला हवेत साडेपाच. पाचचा घेतला तर अर्धा फूट आखूड, सातचा घेतला तर दीड फूट कापून फेकायचा.

रुंदीतही तेच. ८४ इंचांच्या दांडीला दीडपट म्हणजे १२६ इंच. दोन पडद्यांचे ९२ होतात, ते अपुरे. तीन पडद्यांचे १३८ होतात, रुंदी पुरते, पण सात फुटांच्या दांडीला मधोमध आधार द्यावा लागतो आणि रिंगांचा पडदा त्या आधारावरून पलीकडे सरकत नाही. म्हणजे एका बाजूला दोन आणि दुसरीकडे एक असं लंगडं दिसणार. शिवाय विकतात जोडीनेच. मग घ्यायचे चार. त्या बऱ्या कापडाची सात फुटी जोडी हजार रुपयांना होती, दोन जोड्यांचे दोन हजार. आखूड करायला एका पडद्याचे ४० रुपये धरून १६०. एकूण २१६० रुपये, आणि यात अजून अस्तर नाही.

हीच खिडकी काकूंनी शिवायची तर? लांबीचे ६६ आणि दुमड-मुडपीचे बारा मिळून ७८ इंचांचा एक तुकडा. असे तीन तुकडे घ्यायचे. तिसरा तुकडा उभा मधोमध कापायचा आणि त्याचा एकेक अर्धा भाग उरलेल्या दोन तुकड्यांना जोडायचा. म्हणजे दीड पन्ह्याचे दोन पडदे तयार होतात, दोन्ही बाजू सारख्या. शिवणी आणि कडा जाऊन दोघांची रुंदी साधारण १३८ इंच भरते, दीडपटीहून थोडी जास्तच. जोडलेला अर्धा भाग नेहमी बाहेरच्या कडेला, भिंतीच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे जोड चुण्यांत लपतो. तयार पडद्यात हे अर्धं-अर्धं करता येत नाही, आणि इथेच शिवलेला पडदा जिंकतो.

कापड तीन वेळा ७८ म्हणजे २३४ इंच, सहा मीटरला किंचित कमी. सहा मीटरचे ९६० रुपये. चोवीस रिंगांचे १९२, बक्रम ५६, तीन तुकड्यांची शिलाई २७०. बेरीज १४७८ रुपये. तयार पडद्यांपेक्षा जवळजवळ सातशेंनी कमी.

मात्र हा हिशेब साध्या किंवा उभ्या रेघांच्या कापडाचा आहे. मोठ्या फुलांचं कापड घेतलं तर प्रत्येक तुकडा फुलाच्या एकाच जागेपासून कापावा लागतो, नाहीतर जोडावर अर्धं फूल वर आणि अर्धं खाली दिसतं. समजा नक्षी दर २४ इंचांनी पुन्हा येते. मग ७८ इंचांच्या तुकड्यासाठी चार नक्ष्या, म्हणजे ९६ इंच घ्यावे लागतात. सहा मीटरच्या जागी सात मीटर ३० सेंटिमीटर. दोनशे रुपये नुसते फुलं जुळवण्यात गेले. वहिनींना फुलं हवी होती, पण हे ऐकल्यावर त्यांनी साधं गडद हिरवं घेतलं. आणि सगळं कापड एकाच तागेतून, एकाच वेळी कापून घ्या. महिन्याने अर्धा मीटर आणायला गेलात तर तोच रंग सांगून दुकानदार थोडा वेगळाच देतो, त्याचाही इलाज नसतो.

आता अस्तर. ते प्रत्येक खिडकीला नको, पण पश्चिमेच्या खिडकीला मी तरी घालायलाच सांगेन. अस्तर दोन कामं करतं. एक तर ऊन अडवतं, आणि दुसरं म्हणजे पुढच्या कापडाचा रंग वाचवतं. पश्चिमेच्या उन्हात गडद पडदा चुणीच्या बाहेरच्या कडेवर आधी विटतो आणि उभे पांढुरके पट्टे दिसू लागतात. अस्तर असलं की मार त्याच्यावर बसतो, आणि पुढे अस्तर तेवढं बदलता येतं.

वहिनींच्या पडद्यांना साडेपाच मीटर अस्तर लागलं, ८० रुपये मीटरने ४४० रुपये. अस्तराची वेगळी शिलाई दीडशे. म्हणजे अस्तराचा खर्च ५९०. तो मिळवूनही पडदे २०६८ रुपयांत झाले, बिनअस्तराच्या तयार पडद्यांहून कमी.

अस्तरात एक चूक सगळीकडे दिसते, म्हणून तिथे जरा थांबते. पुढचं कापड पॉलिस्टरचं आणि अस्तर कोऱ्या सुती कापडाचं असेल तर पहिल्या धुण्याला अस्तर आटतं, पॉलिस्टर आटत नाही. मग अस्तर पुढच्या कापडाला ओढतं आणि पडदा खाली फुगून सुरकुततो. इस्त्रीने ते जात नाही. म्हणून दोन गोष्टी करायच्या. सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्यायचं. आणि अस्तर खाली पुढच्या कापडाला शिवायचं नाही. वर आणि दोन्ही बाजूंना शिवायचं, खाली त्याची स्वतंत्र मुडप घालून एक इंच आखूड, मोकळं सोडायचं.

आटण्याचा अंदाज घ्यायचा असेल तर बरोबर बारा इंचांचा चौकोन कापा, धुवून वाळवा आणि पुन्हा मोजा. साडेअकरा भरला तर ७२ इंचांच्या तुकड्यामागे तीन इंच जाणार असं समजा, आणि तेवढं कापड जास्त घ्या. इचलकरंजीकडचं सुती कापड आमच्या बाजारात भरपूर येतं. ते टिकाऊ असतं, उन्हाळ्यात त्याची झुळूकही बरी वाटते, पण कोरं असताना त्यावर विश्वासून कापू नका.

तयार पडद्यांत उजेड अडवणारे पडदेही मिळतात, दुकानदार त्यांना ब्लॅकआऊट म्हणतात. काहींची वीणच दाट असते, ते चांगले. काहींना मागून रबरासारखा पांढरा लेप असतो. तो चुरगळून पाहा. घडीवर पांढरी रेघ उमटली किंवा हाताला भुकटी लागली तर तो लेप धुण्यात सुटणार. लेपाच्या बाजूने गरम इस्त्री तर अजिबात फिरवू नका, चिकटते.

राहिली दांडी. हिचा खर्च आपण कुणीच धरत नाही. पाच फुटी स्टीलचा पाइप ५० रुपये फुटाने २५०, दोन ब्रॅकेट १२०, टोकांच्या टोप्या ८०. झाले ४५०. म्हणजे पुढच्या खोलीत पडद्याइतकीच किंमत दांडीची! मागच्या खोलीत सात फुटांचा पाइप आणि तीन ब्रॅकेट धरून ६१० रुपये. पडदा तयार घ्या की शिवा, हा खर्च टळत नाही. म्हणूनच तो तुलनेत धरायचा नाही, पण कर्जाच्या रकमेत मात्र धरायचा.

पाइप एक इंची जाडीचा घ्या. पातळ पाइप अस्तराच्या ओल्या वजनाने मधे वाकतो. स्प्रिंगची तार पंधरा-वीस रुपयांत मिळते, ती स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या हलक्या पडद्याला ठीक. खिडकीला लावली की आठवड्यात झोळी होते. (फडताळाचा पडदा शेगडीपासून लांब असेल तरच लावा. पॉलिस्टर पेटताना वितळतं आणि अंगाला चिकटतं.) दांडी घेण्याआधी खिडकीची दारं आत उघडतात का तेही पाहा. आत उघडत असतील तर ब्रॅकेट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे येणारं हवं, नाहीतर दार पडद्यात अडकतं.

ब्रॅकेटचं भोक साध्या ड्रिलने पडेलच असं नाही. खिडकीच्या लगेच वर सिमेंटची लिंटेल असते, आणि आपली दांडी नेमकी तिच्यावर येते. तिथे ठोकून पाडणारं हॅमर ड्रिल लागतं. हातोडीने खिळा मारत बसलात तर गिलावा सुटतो आणि खिळा वाकतो. वहिनींनी वायरिंग करणाऱ्या मुलाला बोलावलं, त्याने एका जागेचे शंभर रुपये घेतले. भिंत कच्च्या विटांची किंवा मातीची असेल तर प्लास्टिकची गिट्टी धरत नाही, तिथे आधी लाकडी ठोकळा सिमेंटमध्ये बसवून त्यात स्क्रू घ्यावा. दांडी लावल्यावर ती हाताने खाली ओढून बघा. गिट्टी फिरली तर तेव्हाच दुरुस्त करा, पडदा चढवल्यावर नको.

मधल्या दाराला वहिनींनी सुटा एकच सात फुटी पडदा २५० रुपयांना घेतला. आतल्या दाराला घेर कमी असला तरी चालतं, येता-जाता तो सारायचाच असतो. चौकटीच्या आत बसणारी लहान दांडी १५० रुपयांना मिळाली. तीन जागांचं ड्रिल धरून सगळा खर्च ४२७८ रुपये झाला. गटाने त्यांना चार हजारांचं कर्ज दिलं, वरचे त्यांनी घातले.

काकूंना यातून शिलाईचे ४२० रुपये मिळाले. सगळे पडदे शिवले असते तर जास्त मिळाले असते, हे खरं. पण त्यांनी त्यानंतर एक वेगळंच काम धरलं आहे. गावात ज्यांच्याकडे तयार पडदे आधीच आहेत ते त्यांना आणून देतात, आणि काकू त्यांना अस्तर लावून देतात, नाहीतर सातचा पडदा साडेपाचचा करून देतात. कापलेल्या पट्टीतून बाजूला बांधायचे पट्टे निघतात, तेही त्या शिवतात. यात कापडाचा पैसा गिऱ्हाइकाचा, रिंगा आधीच बसवलेल्या, आणि काकूंचा वेळ एका पडद्यामागे पाऊण तास. अस्तराचे ५०, आखूड करायचे ४०. त्यांनी भावाचा कागद गटाच्या खोलीत भिंतीवर लावला आहे, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: माप दांडीचं आणावे.

पडदे धुवायचे तर रिंगा काढता येत नाहीत, म्हणून पडदा उशीच्या अभ्र्यात घालून वर गाठ मारा आणि मग यंत्रात टाका, हाताने धूत असाल तर रिंगांची बाजू दगडावर आपटू नका. अस्तराचा पडदा पिळायचा नाही. निथळू द्या आणि ओलसर असतानाच दांडीवर चढवा, स्वतःच्या वजनाने सरळ होतो.